सोमवारऐवजी शुक्रवार

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सुरू झाला की माझ्या मोबाइलवर रात्री अकरानंतर संदेश यायला लागतात. 'मॅम, पेपरला एक्स्टेन्शन मिळेल का?' एवढंच. कोण, कुठला पेपर, किती दिवस, काही नाही. नाव दिसावं म्हणून फोटोवर टिचकी मारावी तर तिथे सिंहगडाचा सूर्योदय असतो. मी एम.ए.च्या वर्गाला इतिहास शिकवते. आमच्याकडे निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि त्यातला मोठा भाग सेमिनार पेपरचा. दहा-बारा पानांचा निबंध, विषय ज्याचा त्याने निवडायचा, एक तरी मूळ साधन स्वतः वाचायचं. तारीख सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलेली असते.

अशा संदेशाला मी एकच उत्तर देते: ई-मेल करा. मुलांना वाटतं मॅडम टाळताहेत किंवा मुद्दाम कागदी घोडे नाचवताहेत. खरं कारण साधं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेला होकार चार दिवसांनी मलाच सापडत नाही. विभागप्रमुखांनी विचारलं, किंवा वर्गातल्या दुसऱ्या कुणी विचारलं की याचा पेपर उशिरा का घेतला, तर माझ्याकडे दाखवायला काहीतरी लागतं.

मग ई-मेल येते, आणि ती बहुतेकदा शाळेत शिकलेल्या अर्जासारखी असते. 'माननीय महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की', मग घरची परिस्थिती, एसटी, लाइट, मावसभावाचं लग्न, मग 'तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' आणि 'आपला आज्ञाधारक'. या भाषेला मी हसत नाही. आम्हीही तेच शिकलो, आणि तहसील कचेरीत ती अजून चालते. पण अशा अर्जात अर्जदाराची अडचण सविस्तर असते आणि कामाबद्दल एक ओळ नसते. पेपर कुठवर आलाय, उरलंय काय, नेमकी कोणती तारीख हवी, यातलं काही कळलं नाही तर मी हो तरी कशाला म्हणायचं आणि नाही तरी कशाला?

एका विद्यार्थिनीची मेल मात्र मी नीट लक्षात ठेवली आहे. तिची परवानगी घेऊन, नाव वगळून, इथे सांगते. तिचा विषय होता पेशवाईतल्या पुण्याची कोतवाली आणि तिथे वसूल होणारे दंड. कोतवाल म्हणजे त्या काळचा नुसता पोलीस नव्हे. जुगार, चोरी, शिंदळकी, रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडणं, अशा कितीतरी गोष्टींवर चावडीत दंड बसायचा आणि त्याचे हिशेब लिहिले जायचे. तिने घाशीराम कोतवालाच्या कारकिर्दीतली दोन वर्षं घेतली होती, मधे दहा वर्षांचं अंतर ठेवून: तेव्हाच्या सुहूर सनाप्रमाणे ११८० आणि ११९०. दंड वाढले का, आणि वाढले तर कुठल्या बाबतीत, हा प्रश्न. कागद पुणे पुरालेखागारातले, पेशवे दफ्तरातले, अर्थात मोडीत.

तिची पहिली मेल बुधवारी १२ तारखेला आली. पेपर सोमवारी १७ ला द्यायचा होता. मेल पानभर होती. मोडी किती अवघड आहे, ती किती वाजता उठते, सकाळी शिकवणीचे वर्ग घेते, घरी आजी आजारी आहे, आणि शेवटी 'थोडे दिवस वाढवून मिळावेत'. मी दोन ओळींत उत्तर पाठवलं: किती झालंय आणि कोणती तारीख हवी? झालेली पानं जोडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आलं:

> विषय: सेमिनार पेपर, रोल नं. १७ : १७ ऐवजी २४ नोव्हेंबरला देण्याबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> कोतवालीच्या दंडांवरचा माझा पेपर सोमवारी १७ तारखेला द्यायचा आहे. तो सोमवारी २४ तारखेला दिला तर चालेल का?
>
> निवडलेल्या ६१ कागदांपैकी ३८ वाचून झाले आहेत. सन ११८० चा तक्ता पूर्ण आहे, ११९० चे २३ कागद बाकी आहेत. प्रस्तावना आणि पहिला भाग लिहून झाला आहे, ती नऊ पानं सोबत जोडते.
>
> दिवाळीत दफ्तर बंद होतं, ते दिवस मी हिशेबात धरले नव्हते. शिवाय ११९० चे कागद वेगळ्या हातचे आहेत, ते सावकाश वाचावे लागताहेत.
>
> उरलेल्या कागदांना कामाचे पाच दिवस लागतील आणि लिहायला दोन. २४ शक्य नसेल तर कोणती तारीख शक्य आहे ते कळवा, मी त्याप्रमाणे पेपर आटोपशीर करीन.
>
> (नाव, रोल नंबर, मोबाइल)

आजी यात नाही. पहाटे उठणं नाही. तरी आदल्या दिवशीच्या पानभर मजकुरापेक्षा मला तिच्याबद्दल जास्त कळलं.

विषयाच्या ओळीतच दोन्ही तारखा आहेत, म्हणजे मेल न उघडताच मागणी समजते. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन वर्गांचे पेपर, एका परिषदेची पत्रं आणि परीक्षा विभागाची परिपत्रकं एकाच पेटीत पडत असतात. 'विनंती अर्ज' असा विषय असलेली मेल मी संध्याकाळी बघू म्हणून ठेवते, आणि ती संध्याकाळ कधीकधी दोन दिवसांनी येते.

पण माझी नजर थांबली ती ३८ आणि २३ या आकड्यांवर, कारण ते मला तपासता येतात. जोडलेल्या नऊ पानांत ११८० चा तक्ता खरंच होता. प्रत्येक नोंदीपुढे रुमालाचा क्रमांक होता. दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात आणि संदर्भ त्या क्रमांकानेच द्यावा लागतो. जो दफ्तरात गेलेला नाही त्याच्या टिपेत रुमाल क्रमांक येत नाही, आणि आला तरी एकाच क्रमांकावर सगळं गाव गोळा झालेलं असतं. काम सुरूच न करता मुदत मागणाऱ्याला आणि काम करता करता अडकलेल्याला वेगळं ओळखायची माझ्याकडे तरी हीच रीत आहे. कारण खरं की खोटं हे मी शोधत बसत नाही. पानं बघते.

तिची कारणं दोनच होती, आणि दोन्ही तिच्या कामातून आलेली होती. राज्य सरकारच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी-रविवारी दफ्तर बंद, आणि मुलांना मोकळा वेळ मिळतो तो नेमका शनिवारी-रविवारी. त्यात दिवाळी आली की एक आख्खा आठवडा हातचा जातो. सत्राच्या सुरुवातीला हे कुणाच्या डोक्यात नसतं. सगळे कॅलेंडरचे दिवस मोजतात, दफ्तराचे मोजत नाहीत.

दुसरं कारण मोडीशी ज्याची गाठ पडली आहे त्यालाच कळेल. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे एक शब्द कुठे संपला हे अर्थ लागल्यावरच समजतं. एका कारकुनाच्या हाताची सवय झाली की दिवसाला आठ-दहा कागद होतात. हात बदलला की पहिले दोन दिवस चार-पाचवर गाडी अडते. त्यातून तारखा. पेशवाईतले हिशेब सुहूर सनावर चालतात. सन 'समानीन मया व अलफ' म्हणजे ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणून ११८०. त्यात वर्षारंभाप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, इथे १७७९-८०. सन मृगाला बदलतो, म्हणजे तो सूर्याबरोबर चालतो. महिने मात्र मुसलमानी, चंद्राचे. कागदावर 'छ ७ रमजान' असं असतं, त्यातला छ म्हणजे चंद्र. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान असल्याने एकाच सुहूर सनात एखादा महिना सुरुवातीला येतो आणि शेवटी पुन्हा येऊ शकतो. मग ती नोंद वर्षाच्या या टोकाची की त्या, हे आजूबाजूच्या कागदांवरून आणि जंत्री उघडूनच ठरवायचं. एका नोंदीला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दुपार.

तिच्या मेलमधलं 'सावकाश वाचावे लागताहेत' हे तीन शब्द एवढं सगळं सांगत होते. तिने ते मला समजावून सांगितलं नाही, कारण मला ते ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. मेल कुणाला जातेय याचं हे भान. दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकांना लिहिताना तिला त्यावर एक वाक्य खर्चावं लागलं असतं, आणि ते योग्यच ठरलं असतं.

तरीही मी २४ तारीख दिली नाही.

मुलांना माझ्याकडची एकच तारीख दिसते, जी मी सांगितलेली असते. तिच्यामागे दुसरी असते. अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची शेवटची तारीख परीक्षा विभाग ठरवतो. त्या वर्षी ती शुक्रवार २८ नोव्हेंबर होती. ती उलटली की पान बंद होतं. ज्याच्या नावापुढे गुण नाहीत त्याचा निकाल राखून ठेवला जातो, आणि तो सोडवायला विभागाचं पत्र, परीक्षा विभागाची खिडकी आणि बरेच हेलपाटे लागतात. त्याआधी मला पेपर वाचायचा असतो, एका पेपरला निदान पाऊण तास. मग प्रत्येकाची दहा मिनिटांची तोंडी, कारण लिहिलेलं स्वतःचं आहे का हे तिथेच कळतं. मग तक्ता छापून त्यावर दोघांच्या सह्या. तोंडी मी २४ आणि २५ ला ठेवली होती. पेपर २४ ला आला असता तर तिची तोंडी पेपर न वाचताच घ्यावी लागली असती.

म्हणून मी लिहिलं: 'शुक्रवार २१, संध्याकाळी सहापर्यंत. ११९० सोडून द्या, ११८० वरच लिहा. एका वर्षाचा पेपर पूर्ण होतो.'

बहुतेक मुलं इथे 'थँक यू मॅम' लिहून मोकळी होतात. तिचं उत्तर आलं की २१ तारीख मान्य आहे, पण ११९० सोडता येणार नाही. एकाच वर्षावर लिहिलं तर दंड किती होते एवढंच सांगता येईल, वाढले की नाही हे नाही, आणि पेपरचा प्रश्न तोच आहे. त्याऐवजी ११९० मधल्या फक्त जुगार आणि शिंदळकीच्या नोंदी घेते. बाब कागदाच्या सुरुवातीलाच कळते, चाळून पाहिल्यावर असे चौदा कागद निघतात. शुक्रवार, सोमवार, मंगळवार वाचन, पुढचे तीन दिवस लेखन.

माझ्या सूचनेपेक्षा ही सूचना सरस होती. मी दिवस वाचवायला निघाले होते आणि त्या भरात तिचा प्रश्नच कापून टाकला होता. तिने प्रश्न ठेवला आणि साहित्य कापलं. मुदतवाढीच्या मेलमध्ये हे क्वचित दिसतं. दिवस कमी पडले की अजून दिवस मागायचे, इतकंच सगळ्यांना सुचतं. काम कुठून कमी करता येईल हे विचारलं तर खूपदा दिवस लागतही नाहीत. अर्थात हे कापणं ज्याला आपला प्रश्न एका वाक्यात सांगता येतो त्यालाच जमतं. बाकीचे शेवटचं प्रकरण तोडतात आणि निष्कर्ष घाईत चिकटवतात, ते वाचताना पानावर शिवण दिसते.

हे सगळं धडधाकट माणसाच्या उशिराबद्दल. आजारपणाची मेल निराळी. तिथे मला आजाराचं वर्णन नको असतं, पोटाच्या तक्रारीचा तपशील तर मुळीच नको. कधीपासून कधीपर्यंत काम बंद होतं आणि डॉक्टरांचा कागद आहे का, एवढं पुरे. कागद पुढेमागे दिला तरी चालतो. आणि घरी कुणी गेलं असेल तर तेवढीही अपेक्षा नाही. एका मुलाने मागे लिहिलं होतं, 'वडील गेले. तेराव्यानंतर संपर्क करतो.' त्याला मी तारीख विचारली नाही. परीक्षा विभागात त्याच्यासाठी जे करायचं ते मी आणि विभागप्रमुखांनी करून टाकलं. अशा वेळी कुणी पुरावा मागत असेल तर वरच्या माणसाकडे जावं, बिनदिक्कत.

मुदत उलटून गेल्यावर येणाऱ्या मेलचं काय करायचं हे मात्र मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. सतरा तारखेला सकाळी आलेली मेल आणि अठराला आलेली मेल यांत एका दिवसाचं अंतर असतं, पण पहिलीत माझ्या हातात काहीतरी असतं. दुसरीत फक्त गुण किती कापायचे एवढाच प्रश्न उरतो. त्याहून वाईट म्हणजे न उघडणारी फाइल. सोमवारी रात्री ११:५५ ला जोडपत्र येतं, मंगळवारी ते उघडत नाही, कळवल्यावर बुधवारी 'सॉरी मॅम, फाइल करप्ट झाली असेल' म्हणून दुसरी येते. वर्ड फाइलच्या माहितीत शेवटचा बदल कधी केला ते दिसतं. तिथे बुधवारची पहाट असते. मी यावर भांडत नाही, उशिराचे गुण कापते आणि कारण लिहून कळवते. दोन दिवस हवे होते तर मागायचे होते, बहुधा मिळालेही असते.

तिचा पेपर शुक्रवारी साडेपाचला आला. शिंदळकीचे दंड दहा वर्षांत वाढलेले दिसत होते, पण चौदा कागदांवरून मोठं विधान करता येणार नाही हे तिने स्वतःच लिहिलं होतं. ११९० च्या दोन नोंदी तिने वर्षाच्या आरंभी धरल्या होत्या, त्या माझ्या मते शेवटच्या होत्या, तोच पुन्हा येणारा महिना. तोंडीत मी विचारलं. तिने वहीतून शेजारच्या कागदांच्या तारखा काढून दाखवल्या. एकीबद्दल तिचं बरोबर निघालं, दुसरीबद्दल माझं.

तोंडी संपवून बाहेर आले तर वर्गातला एक मुलगा थांबला होता. त्याने पेपर सोमवारी, वेळेत दिला होता. तो म्हणाला, "मॅडम, मागितल्यावर मिळते हे माहीत असतं तर मीपण चार दिवस मागितले असते. माझी शेवटची तीन पानं घाईत झालीत." त्याचा पेपर मी वाचला होता, आणि ती तीन पानं खरंच घाईत झालेली होती. त्याला तिथे उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कोण मागतं आणि कोण मागत नाही हे खूपदा घरावर असतं. ज्याच्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नाही त्याला तारीख म्हणजे दगडावरची रेघ वाटते. ज्याच्या घरात दोन प्राध्यापक असतात त्याला ती तशी नसते हे लहानपणापासून माहीत असतं.

पुढच्या सत्रापासून पेपरच्या सूचनापत्रकात मी चार ओळी घातल्या. मुदतवाढ कुणालाही मागता येईल. मुदतीच्या तीन दिवस आधीपर्यंत, ई-मेलने, झालेली पानं जोडून. हवी ती तारीख लिहून. जास्तीत जास्त कामाचे चार दिवस, कारण त्यानंतर तोंडी सुरू होते. आजारपण आणि घरातला मृत्यू यांना यातलं काहीही लागू नाही. पहिल्या सत्रात सात जणांनी मागितली. दोघांना दिली नाही, त्यांनी पानंच जोडली नव्हती. त्यातल्या एकाने त्याच रात्री पाच पानं लिहून पाठवली आणि विचारलं, आता चालेल का?